मूल नसलेलीचा वारस कोण?

माझ्या लग्नाला एकवीस वर्षे झाली आणि आम्हा उभयतांना मूल नाही. ते आम्ही ठरवून टाळले की होऊ शकले नाही, याचा खुलासा मी येथे करणार नाही. दिल्लीतल्या शेजारणी आणि लखनौचे नातलग यांची कीव दोन्ही परिस्थितींत सारखीच असते. सुरुवातीला ‘कधी?’ असे विचारले जाई, मग ‘का नाही?’, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर ‘म्हातारपणी कोण पाहणार, घर कोणाला जाणार?’ पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देण्यास मी बांधील नाही. तिसरा प्रश्न मात्र कायद्याचा आहे, आणि कायद्याने दिलेले त्याचे उत्तर विचारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

आधी घराचे पाहू. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ याच्या कलम १५ नुसार अपत्यहीन विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर तिची मालमत्ता पतीला मिळते. पती हयात नसेल तर पतीच्या वारसांना. त्यांच्यापैकी कोणीच नसेल, तरच तिच्या आईवडिलांचा क्रम लागतो. माहेरकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी वडिलांच्या वारसांकडे परतते. स्वतः कमावलेल्या पैशाला ही सवलत नाही. याच कायद्यात अपत्यहीन पुरुषाची पत्नी आणि आई या दोघीही पहिल्या वर्गातील वारस आहेत. म्हणजे मुलाच्या कमाईवर आईचा हक्क पहिल्या पंक्तीत, आणि मुलीच्या कमाईवर तो जावयाच्या सर्व वारसांनंतर.

याचा अर्थ ‘ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण’ या खटल्यात दिसला. १९५५ मध्ये विवाह झालेली एक स्त्री तीन महिन्यांतच विधवा झाली. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली आणि १९९६ मध्ये वारली तेव्हा बँकेतील ठेवी व भविष्य निर्वाह निधी मागे राहिला. मृत्युपत्र नव्हते. तिच्या आईने त्या रकमेवर हक्क सांगितला. दुसऱ्या बाजूला तिच्या पतीच्या बहिणीचे मुलगे होते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्या भाच्यांच्या बाजूने दिला. सहानुभूतीवरून कायद्याचा अर्थ लावता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. कलमाचे शब्द पाहता ते खरेही होते. दोष त्या शब्दांत आहे. विधी आयोगाने २००८ मध्येच आपल्या २०७ व्या अहवालात ते बदलण्याची शिफारस केली होती. कलम आजही तसेच आहे.

आता म्हातारपणाचे. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्याने अपत्यहीन ज्येष्ठांचा विचार केला, ही त्याची जमेची बाजू. अशी व्यक्ती ‘नातलगा’कडे निर्वाहखर्च मागू शकते. पण नातलग म्हणजे तिचा असा सज्ञान कायदेशीर वारस, ज्याच्या ताब्यात तिची मालमत्ता आहे किंवा जो ती पुढे वारशाने मिळवील. वारस अनेक असतील, तर वारशाच्या प्रमाणात भार वाटला जातो. तत्त्व रास्त वाटते: जो घेईल त्याने द्यावे. परंतु ज्या वृद्धेच्या नावावर काहीच नाही, तिच्याबाबत कोणावरच ही जबाबदारी येत नाही. जिच्याकडे घर आहे, अशा विधवेला दाद मागावी लागते ती सासरच्या अशा माणसांकडे, ज्यांच्याशी कदाचित कित्येक वर्षे संबंधच उरलेला नाही.

मृत्युपत्र करावे, हा सल्ला बरोबर आहे. त्याला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही. पण तोही अर्धाच उपाय आहे. मी घर एखाद्या मैत्रिणीच्या नावे लिहून ठेवले, तर ती माझी कायदेशीर वारस नसल्याने या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. आणि जे वारस आहेत ते ‘आम्हाला काही मिळणारच नाही’ असे म्हणून हात झटकू शकतात.

म्हणून दोन दुरुस्त्या हव्यात. स्त्रीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत आईवडिलांना पतीच्या वारसांमागे रांगेत उभे करणे थांबावे. आणि जिला मूल नाही व मालमत्ताही नाही, तिच्या निर्वाहाचा भार वारसाच्या शोधात न अडकता निवृत्तिवेतनाच्या रूपाने राज्याने उचलावा. मूल असले म्हणजे म्हातारपणाची सोय झाली, असे शेजारी मानतात. त्यांचे ते मत मी ऐकून सोडून देऊ शकते. कायद्याचे तसे करता येत नाही.