‘देल’ म्हणजे दिल नव्हे!

"डॉक्टर, याला हार्टचा त्रास होतोय आणि सर्दीही झालीय."

मी पुण्यात निवासी डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. एका रात्री एका इराणी विद्यार्थ्याला त्याचा भारतीय मित्र घेऊन आला आणि इंग्रजीत एवढेच म्हणाला. मित्राला उर्दू येत होती, त्या जोरावर तो फारसी ‘समजत’ होता. मी ईसीजी काढला. नॉर्मल आला. पोटाला मात्र हातही लावला नाही.

रुग्णाचे मूळ शब्द होते ‘देलम दर्द मीकोने’ आणि ‘सर्दिम कर्दे’. बोली फारसीत ‘देल’ म्हणजे मन, तसेच पोटही. ‘देलम दर्द मीकोने’ म्हणजे सरळ ‘माझं पोट दुखतंय’. हृदय या अवयवाला ते ‘कल्ब’ म्हणतात. आणि ‘सर्दी’? आपल्यासारखेच इराणी लोकही पदार्थ उष्ण किंवा थंड मानतात. दही, काकडी असे थंड पदार्थ जास्त झाले की मळमळते, पोट जड होते, गळून जायला होते. त्याला ते ‘सर्दी’ म्हणतात आणि गरम चहात खडीसाखर घालून पितात. नाक गळण्याशी तिचा संबंध नाही.

सकाळपर्यंत बेंबीजवळचे दुखणे उजवीकडे खाली सरकले, ताप चढला. अपेंडिक्सची ही नेहमीची वाट. रात्रीचे काही तास वाया गेले होते.

‘चांगला दुभाष्या हवा होता,’ असे तुम्ही म्हणाल. मला ते अर्धेच पटते. अस्सल इराणी मित्रानेही ‘बाधलंय काहीतरी’ म्हणून विषय संपवला असता. चूक अशी की मित्राने शब्दांऐवजी निदान आणून दिले आणि मी ते तपासल्याशिवाय घेतले.

नंदुरबारला हे रोज घडते. पावरी बोलणारी आजी बराच वेळ काही सांगते आणि नातू मला दोन शब्दांत सांगतो, "टेन्शन आहे." आजी कदाचित छाती दाबल्यासारखी होते, घाम फुटतो असे सांगत असेल. ते टेन्शन नव्हे, हार्ट अटॅक असू शकतो.

म्हणून दुभाष्या म्हणून याल तेव्हा आजाराचे नाव सांगू नका. रुग्णाचा मूळ शब्द आधी जसाच्या तसा उच्चारा, मग अर्थ सांगा. अर्थाची खात्री नसेल तर तसे सांगा. रुग्णाला एका बोटाने जागा दाखवायला लावा. कधी सुरू झाले, कुठे सरकले, सोबत उलटी, ताप, घाम आहे का, हे त्यालाच विचारा, स्वतः उत्तर देऊ नका. बोटावरही सगळे सोडता येत नाही. हृदयाचे दुखणे कधी पोटाच्या वरच्या भागात जाणवते, म्हणून त्या रात्रीचा ईसीजी चुकला नव्हता. चुकले ते तिथेच थांबणे.

आणि डॉक्टर रुग्णाकडे न बघता फक्त तुमच्याशीच बोलत असेल, तर त्याला बेलाशक टोका. मलाही.