गौरीपूजनाची रजा
भाद्रपद शुक्ल पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौरींचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. हा क्रम तिथीऐवजी चंद्राच्या नक्षत्रावर ठरतो; त्याचे वार दरवर्षी बदलतात, आणि गणेश चतुर्थीची सुट्टी देणारी अनेक खाजगी कार्यालये पूजनाच्या दिवशी मात्र सुरूच असतात. 2025 मध्ये आवाहन रविवारी, 31 ऑगस्टला आले, तर पूजन सोमवारी. म्हणजे सोळा भाज्या, पुरणपोळी आणि दुपारचा नैवेद्य हे सारे कामाच्या वारी करणे भाग पडले, आणि हा भार बहुधा घरातल्या नोकरदार सुनेवरच पडतो. अशा वेळी रजा मागावी ती पूजनाच्या दिवसाची, कारण आवाहन पुष्कळदा सायंकाळी कामावरून परतल्यावरही करता येते, नैवेद्य मात्र पुढे ढकलता येत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, तो लागू असलेल्या ठिकाणी, कामगाराला वर्षाला आठ दिवस नैमित्तिक, म्हणजे अचानक उद्भवणाऱ्या वा किरकोळ कारणांसाठीची, भरपगारी रजा मिळते. ती तिमाहीगणिक खात्यात जमा होते आणि न वापरल्यास वर्षअखेर बुडते, म्हणून भाद्रपदासाठी तीतला एक दिवस राखून ठेवणे श्रेयस्कर. त्याच कायद्यात आठ सणसुट्ट्यांपैकी चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी संमतीने ठरवायच्या असतात, आणि पूजनाचा दिवस पंचांगात आधीच छापलेला असल्याने ही मागणी डिसेंबरातच, शक्यतो अनेकांच्या सह्यांनी, मांडणे अधिक न्याय्य ठरते.