इंजेक्शन कोणाच्या हातून?

नर्सिंगच्या वर्गात कायदा शिकवताना मला दर वर्षी हमखास एक प्रश्न येतो: “मॅडम, निग्लिजन्स आणि मालप्रॅक्टिस यांत फरक काय?” आपल्याकडची बरीच मुलंमुली आता नर्सिंगला आहेत, म्हणून त्याचं उत्तर आज इथे लिहिते.

वॉर्डातली फरशी ओली राहिली आणि रुग्ण घसरला, तर तो साधा निष्काळजीपणा. फरशी पुसायला हवी होती, हे कुणालाही कळतं. औषधाचा डोस चुकला, तर मात्र प्रश्न बदलतो: प्रशिक्षित नर्सने इथे काय केलं असतं? त्या मापाने कमी पडणं म्हणजे मालप्रॅक्टिस. आपली न्यायालयं बहुधा दोन्हींना निष्काळजीपणाच म्हणतात, पण माप हेच लावतात.

दिल्लीतली एक घटना बघा. डिसेंबर 1993 मध्ये टायफॉइड झालेलं एक लहान मूल खासगी रुग्णालयात दाखल होतं. नर्सने वडिलांना लारिॲगो, म्हणजे क्लोरोक्वीनचं इंजेक्शन आणायला सांगितलं आणि ते शिरेतून दिलं. मूल आईच्या मांडीवरच कोसळलं. जीव वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली. डोस मोठ्या माणसाचा होता, असा निष्कर्ष राष्ट्रीय ग्राहक आयोगाने काढला.

अशा दाव्यात चार गोष्टी दिसाव्या लागतात. रुग्णाची जबाबदारी आपल्यावर होती, ती मोडली, इजा झाली आणि ती त्या मोडण्यामुळेच झाली. इथे चारही दिसतात. वजनाप्रमाणे डोस पडताळणं हे नर्सचं रोजचं काम आहे.

पण दोष तिथेच संपला नाही. ती नर्स कुठल्याच नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेली नव्हती. ज्या कामाची पात्रता नाही, ते काम रुग्णालयाने तिच्यावर सोपवलं होतं. कार्यकक्षा म्हणतात ती हीच. “वरून सांगितलं” एवढ्याने ती वाढत नाही. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख भरपाई मिळाली, आणि 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

आता गोपनीयता. समजा, अशा मुलाच्या चार्टचा फोटो एखाद्या विद्यार्थिनीने मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. शरीराला इजा नाही, तरी विश्वास मोडलाच. भेटायला आलेल्या काकूंनाही “काय झालंय?” याचं उत्तर द्यायचं नाही, ते आईवडील देतील. पण डोस चुकला हे त्याच आईवडिलांपासून लपवताना कुणी गोपनीयतेचं नाव घेत असेल, तर ते मानू नका. गुपित रुग्णाचं असतं, रुग्णालयाचं नव्हे.