समजून घ्या : पगार वाढला तरी पीटी २०० रुपयेच का? सर्वांना सारखा कर ‘आदर्श’ असूनही सरकारे तो का टाळतात?

अहिल्यानगरजवळच्या नागापूर एमआयडीसीतल्या कोणत्याही कामगाराची सॅलरी स्लिप पाहा. कपातीच्या रकान्यात ‘पीटी’ म्हणजे व्यवसाय कर दिसतो : दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे होतात २,५००. त्याच कंपनीतल्या मॅनेजरच्या स्लिपवरही हाच आकडा असतो. पगारात दहा पटींचा फरक असला तरी कर सारखाच.

अर्थशास्त्रात ज्याला ‘लंपसम टॅक्स’ किंवा एकरकमी कर म्हणतात, त्याच्या सर्वांत जवळ जाणारा आपल्या रोजच्या ओळखीचा कर हाच. पुस्तकात तो सर्वांत निर्दोष कर मानला जातो. प्रत्यक्षात मात्र जगभरातली सरकारे त्याच्यापासून चार हात लांब राहतात.

निर्दोष कसा?

बहुतेक कर माणसाचा निर्णय बदलतात. एक उदाहरण घेऊ. रविवारच्या ओव्हरटाइमचे एका कामगाराला १,५०० रुपये मिळणार आहेत. त्याच्या दृष्टीने घरच्या सुटीची किंमत १,३०० रुपये आहे. म्हणजे कामावर गेल्यास त्याचा २०० रुपयांचा फायदा. तो जाईल.

आता समजा, प्रत्येक कमाईवर २० टक्के कर आहे. हातात १,२०० रुपयेच पडणार. सुटी त्याहून मोलाची, म्हणून तो घरीच थांबेल. त्याचा २०० रुपयांचा फायदा बुडाला आणि न केलेल्या कामावर सरकारलाही काहीच मिळाले नाही. ही रक्कम कोणाच्याच खिशात गेली नाही. या निव्वळ नुकसानीला अर्थशास्त्रज्ञ कराची ‘विकृती’ म्हणतात.

पीटीचे तसे नाही. रविवारी काम केले तरी २०० आणि नाही केले तरी २००. ओव्हरटाइमचे १,५०० पूर्ण हातात येतात. खिशातून पैसे गेल्याची झळ बसतेच, पण काम आणि सुटी यांच्यातला सौदा बदलत नाही. कर माणसाच्या वागण्याकडे पाहतच नाही, म्हणून माणसालाही वागणे बदलून कर चुकवता येत नाही. एकरकमी कराची सारी ताकद याच आंधळेपणात आहे.

मग सगळा कर असाच का घेत नाहीत?

कारण हा आंधळेपणाच त्याचा दोष आहे. समजा, एका कारखान्यात शंभर जण आहेत. नव्वद जणांना महिना २० हजार आणि दहा जणांना २ लाख. सर्वांची वर्षाची एकूण कमाई होते ४ कोटी ५६ लाख. त्यातून १० टक्के, म्हणजे ४५ लाख ६० हजार रुपये, कर गोळा करायचा आहे.

टक्केवारीने घेतला तर कामगार वर्षाला २४ हजार देईल आणि मॅनेजर २ लाख ४० हजार. सर्वांना समान रक्कम लावली, तर प्रत्येकी ४५,६०० रुपये होतात. कामगाराच्या वर्षाच्या कमाईतले १९ टक्के गेले आणि मॅनेजरचे दोन टक्केही नाहीत. कामगाराच्या सव्वादोन महिन्यांहून अधिक पगारावर पाणी पडले.

पीटी खपून जातो, तो केवळ लहान आहे म्हणून. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याच्या हेतूने महाराष्ट्राने १९७५ मध्ये या कराचा कायदा केला. राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये या करावर वर्षाला २५० रुपयांची कमाल मर्यादा होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि आजही तेवढीच आहे.

गरिबाला सूट दिली तर?

दिलीच आहे. महिना साडेसात हजारांपर्यंत कमावणाऱ्या पुरुषाला पीटी लागत नाही. महिलांसाठी ही मर्यादा १० हजार होती. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात ती २५ हजार करण्याची घोषणा झाली आणि ती अमलातही आली. निर्णय योग्यच होता. पण सूट उत्पन्नावर ठरू लागली, की कर आंधळा राहत नाही.

महिना २५ हजार रुपये घेणाऱ्या महिलेचा पीटी शून्य. तिला १०० रुपयांची वाढ मिळाली की वर्षाला १,२०० रुपये जास्त येतात, पण २,५०० रुपये पीटी सुरू होतो. पगार वाढूनही वर्षाकाठी १,३०० रुपयांचे नुकसान! महिन्याला किमान २०९ रुपयांची वाढ मिळाल्याशिवाय तिला ती वाढ नको वाटणेच शहाणपणाचे. जो कर निर्णय बदलत नाही म्हणून नावाजला जातो, तोच इथे निर्णय बदलतो.

क्षमता पाहून वेगवेगळी रक्कम ठरवता येईल का?

सिद्धांत तेच सांगतो. प्रत्येकाची कमावण्याची उपजत क्षमता मोजा आणि त्यावर कायमची रक्कम ठरवा. मग तो किती काम करतो, याच्याशी कराचा संबंध राहणार नाही. अडचण अशी, की क्षमता सरकारला दिसत नाही. दिसते ती फक्त कमाई. जास्त हुशारांना जास्त कर म्हटले, तर हुशारी दाखवणार कोण? डिग्रीवर कर लावला, तर डिग्री घेणे कमी होईल. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मिरलीस यांनी १९७१ च्या शोधनिबंधात याच पेचाची गणिती मांडणी केली आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. क्षमता लपलेली असल्यामुळे सरकारला कमाईवरच कर लावावा लागतो आणि त्यासोबत थोडी विकृती पत्करावी लागते.

कोणी मोठ्या प्रमाणावर करून पाहिले?

ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर सरकारने स्थानिक कर घरांऐवजी डोक्यांवर लावला. १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि १९९० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये. गरिबांना काही सवलती होत्या, तरी एकाच भागातला श्रीमंत आणि सामान्य नोकरदार यांचे बिल सारखेच येई. ३१ मार्च १९९० रोजी लंडनमध्ये दंगल उसळली. अनेकांनी कर भरला नाही, काहींनी नाव नोंदवणेच टाळले. त्याच नोव्हेंबरमध्ये थॅचर यांना पद सोडावे लागले. त्यामागच्या कारणांत हा करही होता. १९९३ मध्ये घराच्या किमतीवर आधारलेला कर आला.

आपण काय घ्यायचे?

पीटीची २,५०० ची मर्यादा वाढवावी, अशी शिफारस पंधराव्या वित्त आयोगानेही केली आहे. राज्यांना पैसा हवा आहे, त्यामुळे हा विषय आज ना उद्या पुढे येईल. तेव्हा फक्त आकडा वाढवून चालणार नाही. आज २०० रुपये कोणाला जाणवत नाहीत. तेच हजार झाले, तर २० हजारांच्या पगारातून पाच टक्के जातील आणि २ लाखांतून अर्धाच टक्का. सूट संपते तिथला खड्डाही तितकाच खोल होईल.

मर्यादा वाढवायचीच असेल, तर सूट संपल्यानंतरच्या वरच्या पगारावरच थोड्या टक्केवारीने कर लावावा. त्याने ओव्हरटाइमचा मोह किंचित कमी होईल, हे खरे. पण त्या किमतीत नागापूरच्या कामगारावर मॅनेजरएवढा बोजा पडणार नाही आणि पगारवाढ मिळालेल्या महिलेचे नुकसानही होणार नाही. हा सौदा महागाचा नाही.