विश्लेषण : ‘निअर मी’ शोधात रुळांपलीकडचे दुकान आधी का दिसते?

अंधेरी पूर्वेला स्थानकाजवळ उभे राहून रात्री ‘मेडिकल स्टोअर निअर मी’ असे शोधले, तर यादीत पहिले नाव पश्चिमेकडील दुकानाचे येऊ शकते. नकाशावर ते हाकेच्या अंतरावर दिसते. प्रत्यक्षात मात्र पादचारी पुलाचे जिने चढून-उतरून, स्थानकातील गर्दीतून वाट काढत तिथे पोहोचावे लागते. मग ते ‘जवळचे’ कसे ठरले?

यादीचा क्रम कशावरून ठरतो?

गुगलच्या म्हणण्यानुसार स्थानिक निकालांसाठी तीन निकष असतात : शोधाशी सुसंगती, अंतर आणि त्या ठिकाणाची प्रसिद्धी. प्रसिद्धीत रेटिंग आणि रिव्ह्यूंची संख्याही मोजली जाते. कोणत्या निकषाला किती वजन दिले जाते, हे कंपनी जाहीर करत नाही. पैसे देऊन या यादीत वरचे स्थान मिळत नाही. जाहिराती ‘प्रायोजित’ असे लिहून वेगळ्या दाखवल्या जातात.

अंतर कसे मोजले जाते?

अशा शोधप्रणालींमध्ये शहराचे लहान-लहान चौकोन पाडलेले असतात. प्रणाली आधी आपल्या आणि शेजारच्या चौकोनांतील दुकाने गोळा करते आणि अक्षांश-रेखांशांवरून सरळ रेषेतील अंतर काढते. हे गणित क्षणात होते. प्रत्येक दुकानापर्यंतचा खरा रस्ता शोधणे त्या मानाने खर्चिक, म्हणून ते बहुधा निवडक ठिकाणांपुरते केले जाते किंवा वापरकर्त्याने ‘दिशा’ मागितल्यावरच होते. सरळ रेषेला रेल्वेचे रूळ दिसत नाहीत. बोरिवली ते मुलुंड हे सरळ रेषेत साधारण १२ किलोमीटर; पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असल्याने गाडीला मोठा वळसा घालावा लागतो.

आकडे काय सांगतात?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. औषध दुकानासाठी १०० गुण आणि दर ५०० मीटरला गुण निम्मे, असा नियम धरू. पश्चिमेचे दुकान सरळ रेषेत २५० मीटरवर आहे, म्हणून त्याला ७१ गुण. पूर्वेचे ५०० मीटरवर आहे, त्याला ५०. पश्चिमेचे दुकान पुढे. आता चालण्याचे अंतर धरू. पश्चिमेला पुलावरून १,००० मीटर होतात, गुण २५. पूर्वेला ६०० मीटर, गुण ४४. क्रम उलटला. दुकाने तीच, रिव्ह्यू तेच. बदलली ती फक्त मोजपट्टी.

लोकप्रियतेला किती महत्त्व द्यायचे?

ते सेवेवर अवलंबून असते. पूर्वेलाच दोन किलोमीटरवर एक नावाजलेले औषध दुकान आहे आणि चांगल्या रिव्ह्यूंमुळे त्याचे गुण दीडपट होतात, असे समजू. तरीही त्याला नऊच गुण मिळतात. तापाच्या गोळीसाठी कोणी तेवढे लांब जात नाही, त्यामुळे हे योग्यच. त्वचारोगतज्ज्ञ शोधताना मात्र गुण दर पाच किलोमीटरला निम्मे होतील असे ठरवले, तर २५० मीटरवरील साध्या डॉक्टरला ९७ आणि दोन किलोमीटरवरील नावाजलेल्या डॉक्टरला ११४ गुण मिळतात. सर्व सेवांना एकच नियम लावला, की पंक्चरवाला लांबचा आणि तज्ज्ञ गल्लीतला अशी यादी तयार होते.

रस्ताच बंद झाला तर?

अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये वाहतुकीसाठी बंद झाला. त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये, तर संपूर्ण पूल मे २०२५ मध्ये खुला झाला. या काळात पूर्व-पश्चिम जाणाऱ्या वाहनांना वळसा पडला, पण सरळ रेषेतील अंतर एक मीटरनेही बदलले नाही. केवळ त्यावर विसंबलेल्या यादीला पूल बंद असल्याचे कळलेच नसते.

फोनचे लोकेशनच चुकले तर?

मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो. इमारतीत किंवा छताखाली ही चूक वाढते आणि ठिपका रुळांच्या दुसऱ्या बाजूलाही जाऊ शकतो. निळ्या ठिपक्याभोवतीचे फिकट वर्तुळ जितके मोठे, तितकी अनिश्चितता जास्त. अँड्रॉइडमध्ये ॲपला ‘अंदाजे’ लोकेशनचीच परवानगी दिली असेल, तर ॲपला सुमारे तीन चौरस किलोमीटरचा परिसर कळतो. अशा वेळी २५० आणि ५०० मीटरमधील फरकाला अर्थ उरत नाही.

वापरकर्त्याने काय पाहावे?

शोधात ‘अंधेरी पूर्व’ किंवा ‘घाटकोपर पश्चिम’ असे स्पष्ट लिहिले, तर बाजू हा सुसंगतीचा भाग होतो. यादीतील किलोमीटरपेक्षा ‘दिशा’ उघडून चालत लागणारी मिनिटे पाहावीत. घाईचे काम असेल, तर निघण्यापूर्वी फोन करून दुकान उघडे आहे का, हेही विचारावे. कारण वेळेची नोंद जुनी असू शकते.