छापील भाव आणि पदरात पडणारा भाव

सोलापूरच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कांद्याच्या हंगामात शेकडो गाड्या येतात आणि लिलावाला अनेक खरेदीदार उभे असतात. तेथे एखाद्या शेतकऱ्याच्या दहा पिशव्यांनी त्या दिवसाचा भाव हलत नाही. परंतु तोच माल आडगावच्या बाजारात नेला आणि घेणारे दोघेच निघाले, तर पाचव्या पिशवीपासूनच भाव घसरू लागतो. मालात फरक नसतो. फरक असतो तो घेणाऱ्यांच्या संख्येत. शेअर बाजारातही हाच नियम चालतो. मात्र वर्तमानपत्रातील एका आकड्यावर भिस्त ठेवणाऱ्या नोकरदाराला तो सहसा दिसत नाही.

छापून येणारा भाव हा झालेल्या व्यवहारांचा असतो, पुढे होणाऱ्या व्यवहाराचा नव्हे. ज्या कंपनीच्या शेअर्सची उलाढाल क्वचितच होते, तिचा छापील भाव कित्येक तासांपूर्वीचा, प्रसंगी काही दिवसांपूर्वीचाही असू शकतो. प्रत्यक्षात बाजारात एका वेळी दोन भाव असतात. एक, घेणारा देऊ करतो तो सर्वांत वरचा. दुसरा, विकणारा मागतो तो सर्वांत खालचा. या दोहोंतील अंतर ही घाईची किंमत होय. मोठ्या, रोज लाखोंनी उलाढाल होणाऱ्या शेअर्समध्ये हे अंतर काही पैशांचे असते. मंद उलाढालीच्या शेअर्समध्ये ते काही रुपयांवर जाते.

समजा, सोलापुरातील एका निवृत्त शिक्षकांना अशाच एका छोट्या कंपनीचे ४०० शेअर्स विकायचे आहेत. शेवटचा व्यवहार १०० रुपयांना झाला असल्याने त्यांच्या हिशेबी ही रक्कम ४०,००० रुपयांची. पण पडद्यावर मागणी दिसते ती अशी : ९८ रुपयांना ६०, साडेशहाण्णवला १००, ९४ ला १४० आणि ९० ला २०० शेअर्स. विकणाऱ्यांपैकी सर्वांत कमी भाव मागणारा १०१ वर थांबलेला आहे. शिक्षकांनी 'मार्केट ऑर्डर' दिली, म्हणजे 'मिळेल त्या भावाला विका' असे सांगितले, तर संगणक वरच्या भावापासून एकेक पायरी उतरत मागणी संपवीत जाईल. पहिले ६० शेअर्स ९८ ला जातील. शेवटचे १०० थेट ९० ला. एकूण हाती येतील ३७,६९० रुपये, म्हणजे सरासरी सव्वाचौऱ्याण्णवच्या आसपास. २,३१० रुपये, जवळजवळ पावणेसहा टक्के रक्कम, कोणत्याही पावतीवर न दिसता गेली. दलालीसाठी पैशापैशाची घासाघीस करणारा माणूस ही गळती मुकाट्याने सोसतो, कारण ती कोणी त्याला दाखवीत नाही.

याला उतारा 'लिमिट ऑर्डर'चा. '९७ च्या खाली विकू नये' अशी अट घातली असती, तर ६० शेअर्स ९८ ला विकले गेले असते आणि उरलेले ३४० खरेदीदाराची वाट पाहत ९७ वर उभे राहिले असते. परंतु हा उपायही फुकटचा नाही. खरेदीदार आलाच नाही, तर दिवसअखेर ती मागणी रद्द होते आणि दुसऱ्या दिवशी भाव आणखी खाली गेलेला असू शकतो. पहिल्या पद्धतीत व्यवहाराची बऱ्यापैकी खात्री असते, भावाची नसते. दुसरीत भावाची असते, व्यवहाराची नसते. रग्गड उलाढालीच्या शेअर्समध्ये हा भेद नगण्य ठरतो. विरळ बाजारात मात्र, ज्याला आजच पैसे हवे आहेत असे नाही त्याने अट घालून, थोडेथोडे विकणेच शहाणपणाचे.

मोठ्या बाजाराची खोलीही अथांग नसते. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात एका दलाली संस्थेकडून ६५० कोटींहून अधिक रुपयांच्या चुकीच्या विक्री-मागण्या गेल्या. त्यांनी उपलब्ध खरेदीदार एका क्षणात संपवले, निफ्टी सुमारे १५ टक्के कोसळला आणि व्यवहार थांबवावे लागले. देशातील आघाडीच्या कंपन्यांची ही गत, तर छोट्या कंपनीची काय कथा!

१९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराचे पडद्यावरील व्यवहार सुरू झाले. तोवर सोलापूरच्या गुंतवणूकदाराला आपला शेअर मुंबईत नेमका कोणत्या क्षणी, कोणत्या भावाला गेला हे पाहण्याची सोय नव्हती. आता गावांमधले अंतर मिटले. दोन भावांमधले मिटलेले नाही. २०१३ मध्ये 'सेबी'ने अशा मंद शेअर्ससाठी तासाभराच्या मागण्या एकत्र करून एकाच भावाला सौदे पुरे करण्याची पद्धत घालून दिली. तिच्यामागील विचार योग्यच होता : विखुरलेले खरेदीदार एका वेळी एकत्र आणले की बाजार दाट होतो. पण त्या यादीबाहेरही विरळ शेअर्स असतातच. त्यांच्यासाठी 'मार्केट ऑर्डर' स्वीकारण्यापूर्वी सरासरी किती भाव पडेल, हे दलालांनी ग्राहकाला आकड्यात दाखवणे बंधनकारक व्हावे. ती माहिती पडद्यावर आधीच असते. पहिल्या पाच पायऱ्यांचे भाव आणि संख्या कोणालाही पाहता येतात. बेरीज तेवढी कोणी करून देत नाही. ती होईपर्यंत आयुष्याची पुंजी विकायला काढणाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन ती स्वतःच करावी.