खाटेजवळचे प्रश्न : खूण नसलेला दंश

वाचकहो, या वेळचा प्रश्न केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सर्पदंशविषयक प्रमाणित उपचार मार्गदर्शिकेवर बेतला आहे. रुग्ण काल्पनिक आहे. तथापि शिरूर-दौंड पट्ट्यात, घोड आणि भीमेच्या काठच्या उसाच्या वस्त्यांवर, असा रुग्ण पावसाळ्यात कोणत्याही पहाटे दारात येऊ शकतो. परिचर्येच्या विद्यार्थ्यांनी उत्तर वाचण्यापूर्वी क्षणभर थांबावे. घरच्या मंडळींनीही थांबण्यास हरकत नाही.

श्रावणातील पहाट. चौतीस वर्षांची एक शेतकरी स्त्री जमिनीवर गोधडी अंथरून झोपली होती. चार वाजता पोटात कळ येऊन ती जागी झाली, दोनदा उलटी झाली. घरच्यांनी अपचन समजून ओवा दिला. सहा वाजता रुग्णालयात पोहोचेपर्यंत घसा दुखू लागला होता व पापण्या जड झाल्या होत्या. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही. परिचारिकेने कोणती शंका घ्यावी?

उत्तर मण्यार हे आहे. हा साप रात्री हिंडतो, जमिनीवर निजलेल्यास चावतो. त्याचे दात इतके बारीक असतात की वेदना जवळजवळ होत नाही व खूणही बहुधा सापडत नाही. म्हणून पहाटेची पोटदुखी आणि उतरलेल्या पापण्या एकत्र दिसल्या, की खूण शोधण्यात वेळ दवडू नये. रुग्णास मान न हलवता वर पाहण्यास सांगावे. पापण्या पुरत्या उचलल्या जात नसतील तर शंका दृढ होते.

पुढचा प्रश्न अनेकांना चकवतो. नव्या, कोरड्या काचनळीत शिरेतील दोन मिलिलिटर ताजे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवले, मग नळी एकदा कलती केली. रक्त गोठलेले आहे. मग प्रतिविष नको का?

हवेच. ही चाचणी घोणस व फुरसे यांच्या विषासाठी आहे, कारण त्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते. मण्यारीचे विष मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यावर घाव घालते. तेथे रक्त गोठणारच. (नळी साबणाने धुतलेली असेल तर निकाल फसवा ठरतो, हेही ध्यानी असावे.) पक्षाघाताचे चिन्ह एवढाच प्रतिविषाचा पुरेसा आधार आहे. प्रौढास सुरुवातीस दहा कुप्या, सलाइनमधून अर्ध्या ते एका तासात; लहान मुलासही तेवढ्याच, कारण सापाने सोडलेले विष वयानुसार कमी होत नाही. त्वचेवर चाचणीमात्रा देऊ नये. त्याऐवजी ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवावे आणि पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी नाडी, रक्तदाब व श्वास पाहावा. अंगावर गांध्या, थंडी, घरघर यांपैकी काही दिसताच सलाइन थांबवून प्रौढास अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन मांडीच्या स्नायूत द्यावे लागते.

प्रतिविष सुरू झाले म्हणजे धोका टळला असे मात्र नाही. मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंची टोके आतून बिघडली, की प्रतिविष तो बिघाड परतवू शकत नाही. ते फक्त रक्तात फिरणाऱ्या विषास रोखते. म्हणून यापुढील काम श्वासाचे आहे. रुग्णास एका श्वासात मोठ्याने अंक मोजण्यास सांगावे व दर वेळी आकडा लिहून ठेवावा. आधी पंचविसापर्यंत मोजणारी बाई अर्ध्या तासाने बारावर थांबत असेल, उशीवरून मान उचलत नसेल, तोंडात लाळ साचत असेल, तर यंत्राची नोंद येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे. तिला कुशीवर वळवावे, लाळ ओढून घ्यावी, तोंडाने पाण्याचा थेंबही देऊ नये. गिळण्याची शक्ती गेलेली असते, आणि नातेवाईक नेमका याच वेळी तांब्या पुढे करतात.

तालुक्याच्या रुग्णालयात व्हेंटिलेटर नसेल तर तिला पुण्यास न्यावे लागेल. शिरूरहून ते अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. प्रतिविष सुरू करूनच निघावे. सोबत श्वासनलिकेत नळी घालू शकणारी व्यक्ती असावी. श्वास थांबल्यास अंबू बॅगने पाच-सहा सेकंदांना एक याप्रमाणे श्वास द्यावा, वाटभर, खंड न पाडता.

शेवटचा प्रश्न. वाटेत ती निश्चल झाली. हाक ऐकून हालचाल नाही, चिमटा काढल्यावर नाही. बाहुल्या विस्फारलेल्या, प्रकाशाला प्रतिसाद शून्य. नाडी मात्र चालू आहे. भाऊ म्हणतो, “सिस्टर, आता कशाला त्रास देता तिला?” काय कराल?

बॅग दाबत राहाल. हे मेंदूच्या मृत्यूचे चित्र नव्हे. डोळ्यांचे स्नायूदेखील लुळे पडले आहेत. ती कदाचित सर्व ऐकत असते. भावाला तिच्या उशाशी बसवावे आणि तिचे नाव घेऊन बोलावयास सांगावे. डोळ्यांच्या पापण्या मिटवून त्यांवर ओलसर घडी ठेवावी, म्हणजे बुबुळे कोरडी पडणार नाहीत. अशा रुग्णाचा श्वास परतण्यास कित्येक दिवस लागू शकतात. तोवर यंत्र तो श्वास घेते, आणि स्नायूंची शक्ती हळूहळू परत येते.